'खाल्ल्यात' आठव, मग मेर्सी लिही

ताई, मी पुण्यात अकरावीत आहे. चार वर्षं फ्रेंच शिकतेय. शाळेच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीत फ्रान्समध्ये रेन शहरात तीन आठवडे एका कुटुंबाकडे राहून आले. आई, बाबा आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी. मी शाकाहारी, तरी त्यांनी एकदाही मला उपाशी ठेवलं नाही. आता त्यांना फ्रेंचमध्ये आभाराचं पत्र लिहायचंय. आधी इंग्रजीत लिहून मग भाषांतर केलं. मसुदा सोबत पाठवतेय, पण तो वाचताना मला ते लोक आठवतच नाहीत. क्लासच्या बाईंनी शेवटी 'वयये आग्रेए'वालं लांबलचक वाक्य घालायला सांगितलंय. माझी आई म्हणते, एवढा त्रास दिलास, माफी पण माग. आणि तिथल्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मला 'त्यू', म्हणजे 'तू' म्हण. पत्रात म्हणू का?
— कोथरूडची एक विद्यार्थिनी

*

प्रिय मुली,

तुझा मसुदा दोनदा वाचला. व्याकरणाच्या चुका सात आहेत, आणि त्यातल्या पाच इंग्रजीतून आलेल्या आहेत. मराठीतून विचार केला असतास तर त्या झाल्याच नसत्या. फ्रेंच आणि मराठी अगदी लांबच्या नात्यातल्या, पण काही खोडी दोघींच्या सारख्या आहेत. मधे इंग्रजी आली की त्या खोडी पुसल्या जातात. म्हणून आधी सांगते ते हे, की इंग्रजी मसुदा बाजूला ठेव. काय म्हणायचंय ते मराठीत मनातल्या मनात म्हण आणि तिथून थेट फ्रेंचमध्ये जा. या सदरात मी फ्रेंच वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतेय. स्पेलिंग तुला येतं, फक्त डोक्यावरच्या खुणा गाळू नकोस.

पहिल्या वाक्यापासून सुरू करू. तू लिहिलंयस 'मेर्सी द माकयीर'. शब्द सगळे बरोबर, पण फ्रेंच माणसाला हे आभारासारखं वाटत नाही. 'मेर्सी द' आणि पुढे साधं क्रियापद आलं की ती विनंती होते. तिथल्या दारांवर 'मेर्सी द फेर्मे ला पोर्त' लिहिलेलं तू पाहिलं असशील. म्हणजे 'कृपया दार लावून घ्या'. तसंच तुझं वाक्य 'मला ठेवून घ्या बरं का' असं ऐकू येतं, आणि तू तर राहून परत आलीयेस! झालेल्या गोष्टीचे आभार मानताना क्रियापद भूतकाळात न्यायचं: 'मेर्सी द माव्वार आकयी'. म्हणजे मला ठेवून घेतलंत, त्याबद्दल. पुढे क्रियापद नसून नाम असेल तर 'मेर्सी पूर': मेर्सी पूर ले गालेत, म्हणजे तिथल्या घावनांबद्दल, मेर्सी पूर ला प्रोमनाद, म्हणजे फिरायला गेलो त्याबद्दल. एवढी जोडी पक्की झाली की आभाराच्या पत्रातलं अर्धं व्याकरण झालं.

आणि हो, जेवताना वाढायला आलेल्या माणसाला नुसतं 'मेर्सी' म्हटलं की तो भांडं पुढे नेतो, कारण तिथे त्याचा अर्थ 'नको, पुरे' असाही होतो. तीन आठवड्यांत कधीतरी तुझं जेवण असं अर्धवट राहिलं असेल. मग समजून घे की दोष त्या घराचा नव्हता.

आता 'आकयी'. हे लिहिताना शेवटी एक मूक 'ई' जास्त येतो, कारण ठेवून घेतली गेलेली व्यक्ती तू आहेस आणि तू मुलगी आहेस. उच्चारात फरक पडत नाही, कागदावर पडतो. तो गाळलास तर पत्र मुलाने लिहिल्यासारखं होईल.

हा जादा 'ई' सगळ्यांनाच छळतो. पण मराठी बोलणाऱ्याला त्याचं मर्म पाळण्यातच मिळालेलं असतं. आपण 'मी आंबा खाल्ला' म्हणतो आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणतो. खाणारी मीच, पण क्रियापद जे खाल्लं त्याच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये 'आव्वार' या सहायक क्रियापदाबरोबरच्या भूतकाळात हेच होतं, फक्त एका अटीवर: खाल्लेली वस्तू वाक्यात क्रियापदाच्या आधी आली पाहिजे. 'जे मांजे ला गालेत' यात गालेत नंतर येते, म्हणून काही बदल नाही. 'ला गालेत क जे मांजे' यात ती आधी आली, म्हणून 'मांजे'ला 'ई' लागला. इंग्रजीत असं काहीच नाही, त्यामुळे इंग्रजीतून आलेल्या मुलांना हा नियम घोकावा लागतो. तू 'खाल्ला, खाल्ली, खाल्ल्या' आठव आणि फक्त एवढं पाहा की वस्तू आधी आहे की नंतर.

तुझ्या मसुद्यात एक फार चांगली गोष्ट होती, पण ती तू कंसात टाकून दिलीस. तिथल्या बाबांनी तुला बिलिगवर, म्हणजे गालेतीच्या तव्यावर, पीठ पसरायला शिकवलं आणि तुझ्या गालेती फाटल्या, ती. पत्राचा जीव तिथे आहे. 'तुमचं आतिथ्य अविस्मरणीय होतं' हे वाक्य जगातला कुठलाही पाहुणा कुठल्याही घराला लिहू शकतो. कुट्टूच्या पिठाचं घावन तव्यावर फाटलं, हे तुझ्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. मग ते असं लिही:

'मे गालेत एते प्लेन द त्रू, मे वू लेझ् आव्हे मांजे कां मेम.'

मराठीत: माझ्या गालेती भोकंच भोकं होत्या, तरी तुम्ही त्या खाल्ल्यात.

नीट बघ, या एकाच वाक्यात सगळं शिकण्यासारखं आहे. 'एते' हा इंपार्फे, कारण ते वर्णन आहे, 'होत्या'. 'आव्हे मांजे' हा पासे कोंपोझे, कारण ती एकदा घडलेली गोष्ट आहे, 'खाल्ल्यात'. आणि 'ले', म्हणजे 'त्या', क्रियापदाच्या आधी आलं, म्हणून 'मांजे'ला स्त्रीलिंगी अनेकवचनाचा 'ई' आणि 'एस' दोन्ही लागले. मराठीत 'खाल्लं'चं 'खाल्ल्यात' झालं ना, अगदी तसंच. आणि मनातून विचारशील तर त्या घरातल्या तिघांना हे वाक्य वाचून हसू येईल. पत्राचं काम तिथेच झालं.

पण सगळीकडे मराठी उपयोगी पडेल असं समजू नकोस. पुढच्याच वाक्यात तू लिहिलंयस, 'वू माव्हे आप्रीझ आ एताले ला पात', पीठ पसरायला शिकवलंत. हा 'आप्रीझ' चुकीचा. इथे 'आप्री' हवं, 'ई'शिवाय. कारण फ्रेंचमध्ये कोणा'ला' शिकवतात आणि कोणा'ला' सांगतात तिथे 'आ' हा शब्द दडलेला असतो, 'आप्रांद्र आ केल्क्यं'. तो दडलेला 'आ' असला की 'म' ही थेट वस्तू राहत नाही आणि क्रियापद बदलत नाही. उलट 'वू माव्हे एदे', म्हणजे मदत केलीत, यात 'एदे'ला 'ई' लागतो, कारण 'एदे' या क्रियापदाला 'आ' लागत नाही. मराठीत दोन्हीकडे 'मला'च येतो, म्हणून इथे मराठी तुला फसवते. अशा वेळी शब्दकोशात क्रियापदापुढे 'आ' आहे का ते बघायचं, एवढाच उपाय.

एक ठिकाण असंही आहे जिथे हा फरक कानाला कळतो. तिथल्या आईनं हॅम काढून तुझ्यासाठी अळंबी घातलेल्या गालेती केल्या ना? 'ले गालेत क त्यू आ फेत एक्स्प्रे पूर म्वा'. शेवटचा 'त' ऐकू येतो. 'फे' म्हणालीस तर तिला लगेच खटकेल. 'एक्स्प्रे', म्हणजे 'मुद्दाम', हा शब्द अवश्य ठेव. घरातल्या बाईला तिचे कष्ट दिसले, हे त्या एका शब्दाने कळतं. 'एक्सेलां' आणि 'देलिस्यय' अशा विशेषणांनी ते कळत नाही.

आता शनिवारचा बाजार. तू 'नूझ् आव्हों आले ओ मार्शे' लिहिलंस, तेही चुकलंच, कारण 'आले'बरोबर सहायक म्हणून 'आव्वार' नव्हे, 'एत्र' लागतं. पण तो मुद्दा सोड. तीन शनिवार तुम्ही लीसच्या बाजारात गेलात. मराठीत काय म्हणशील? 'शनिवारी आपण बाजारात जायचो.' या 'जायचो'साठी फ्रेंचमध्ये इंपार्फे आहे आणि या 'आपण'साठी 'ऑं'. 'ल साम्दी, ऑन् आले ओ मार्शे दे लीस.' सुरुवातीच्या 'ल'मुळे दर शनिवारचं होतं. नुसतं 'साम्दी' म्हटलं तर एखादाच शनिवार. इंग्रजीत नेहमीचं आणि एकदाचं दोन्ही एकाच भूतकाळात कोंबलेलं असतं, म्हणून मुलं गोंधळतात. तू 'गेलो' म्हणणार की 'जायचो', एवढं ठरव, पुढचं आपोआप येईल.

'मिस' करण्याचं वाक्य मला जरा तिखटपणे सांगायचंय, कारण त्यात मी स्वतः पडले होते. वीस वर्षांची असताना एका घरी राहून परतले आणि कार्डावर लिहिलं 'ज वू मांक बोकू'. मला वाटलं, तुमची फार आठवण येते. उत्तरात तिथल्या आजींनी लिहिलं, 'हो, अगदी खरं आहे.' मग शब्दकोश उघडला. मी त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला माझी फार आठवण येतेय! या क्रियापदात ज्याची आठवण येते तो कर्ता असतो. 'वू म मांके', म्हणजे तुम्ही मला कमी पडता. आपल्याला यात अवघड काहीच नाही, 'मला दूध आवडतं' यात दूध कर्ताच असतो. पण 'आय मिस यू'वरून गेलं की माणूस उलटा होतो. तुझ्या मसुद्यातही 'ज वू मांक' आहेच, म्हणून लिहिलं.

तसाच 'एक्सिते' शब्द काढून टाक. उत्सुक आहे म्हणण्यासाठी तू तो वापरलास, पण बोलण्यात त्याला नको तो वास आहे. त्याजागी 'जे आत द' लिही.

'त्यू' आणि 'वू'चं उत्तर सोपं आहे. पत्र तिघांना आहे, म्हणून सगळीकडे 'वू'. तो आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. मराठीतलं 'तुम्ही'ही दोन्ही कामं करतं, तसंच. फक्त जिथे एकट्या आईशी बोलतेस, अळंबीच्या वाक्यात, तिथे आधी तिचं नाव घाल आणि मग 'त्यू'. तिनं स्वतः सांगितलंय, 'ऑं स त्युत्वा' झालंय. आता पत्रात एकदम 'अहोजाहो' केलंस तर तिला वाटेल, घरी जाऊन पोर परकी झाली. मावशीला फोनवर 'अगं' म्हणायचं आणि पत्रात 'आपण', तसलं होईल ते.

सुरुवात 'शेर' आणि तिघांची नावं, स्वल्पविराम. नावं अनेक म्हणून 'शेर'ला 'एस' लागतो. 'शेर फामी दाकय' लिहू नकोस. तो कागदोपत्री शब्द आहे, आणि अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या घरांनाही तोच लावतात. 'यजमान कुटुंबास सप्रेम' म्हटल्यासारखं होतं. मग पहिलं वाक्य 'ज त्ने आ वू रमेर्सिए'. इथला भूतकाळ पाहून दचकू नकोस. आपणही 'तुमचे आभार मानायचे होते' म्हणतोच, तो भूतकाळ नसतो, नरमाई असते.

बाईंचं 'वयये आग्रेए' सरकारी अर्जासाठी चांगलं आहे. परीक्षेत त्याला मार्क पडतात, म्हणून त्यांनी शिकवलं. त्यात त्यांची चूक नाही. पण ज्यांच्या स्वयंपाकघरात तू पायजम्यावर फिरलीस त्यांना ते लिहिलंस तर ते अर्ज आला म्हणून हसतील. 'कोर्द्याल्मां'ही नको, ते कचेरीतलं आहे. शेवट 'ज वूझ् आंब्रास'. त्याचा शब्दशः अर्थ चुंबन आहे, म्हणून आपल्याकडच्या मुलींना लाज वाटते. पण पत्राच्या शेवटी त्याचं वजन 'सप्रेम' एवढंच असतं. तरी हात धजत नसेल तर 'आफेक्त्युअयझ्मां' लिही, 'प्रेमपूर्वक'. तेही चालतं, थोडं अदबीचं वाटतं एवढंच.

आता तुझी आई. तिची भावना पूर्ण खरी आहे, परक्याच्या घरी आपली पोर तीन आठवडे राहिली म्हणजे तिला तसं वाटणारच. पण 'देझोले पूर ल देरांज्मां' लिहिलंस तर तिकडे प्रश्न पडेल, नक्की काय झालं होतं? काही मोडलं का? माफीला तिथे एक कारण लागतं, आपल्यासारखी ती रीत म्हणून मागत नाहीत. आईचं म्हणणं असं पोचव: 'मे पारां वू रमेर्सी द तू कर', माझे आईबाबा तुमचे मनापासून आभार मानतात. आईला हे वाक्य वाचून दाखव. तिला माफीपेक्षा हेच पटेल असं मला वाटतं. 'रमेर्सिए'चा एक गमतीदार अर्थ सांगून ठेवते: एखाद्याला 'रमेर्सिए' केलं, असं कर्मणीत म्हटलं की त्याला नोकरीवरून काढलं असा अर्थ होतो. तुझ्या वाक्यात तो धोका नाही.

तुझी देवाणघेवाण आहे, म्हणजे ती मुलगी उलट तुमच्याकडे येणार. म्हणून शेवटच्या परिच्छेदात तिला नावाने हाक मारून लिही: 'जे आत द ताकयीर आ मों तूर', आता माझा नंबर, तुला ठेवून घ्यायला मी उत्सुक आहे. लक्षात आलं ना, इथे 'आकयीर' साधं आहे, कारण अजून घडायचंय. वर 'माव्वार आकयी' घडून गेलेलं. पत्राच्या दोन टोकांना तेच क्रियापद, दोन काळांत. आणि पुढे 'सी त्यू व्ह्यें' असं वाक्य घातलंस तर 'सी'नंतर वर्तमानकाळच, भविष्यकाळ नाही. 'तू आलीस तर'च्या हिशोबाने तू भूतकाळ लावू पाहशील, तोही नको.

एकूण आठ-दहा वाक्यं पुरेत. कार्डाची एक बाजू भरावी, दोन नव्हे. वरती उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव, मग 'ल' आणि तारीख, महिना छोट्या लिपीत. गावाचं नाव वाचून ते 'प्यून' म्हणतील, ते ऐकून आपण हसून घ्यायचं.

पत्र हाताने लिही. फोनवरून तू आधीच 'मेर्सी पूर तू' पाठवलं असशील, ते चांगलंच केलंस, पण घरच्या कपाटाच्या दारावर चिकटतं ते कार्ड. लवकर टाक, कारण जुलै-ऑगस्टमध्ये बरीच फ्रेंच कुटुंबं सुट्टीवर निघून जातात आणि टपाल दाराखाली पडून राहतं. पाकिटात कागदाशिवाय काही घालू नकोस. भाकरवडीचं पुडकं घातलंस तर ते पार्सल होतं आणि कस्टमचा फॉर्म भरावा लागतो.

पत्ता आपल्यापेक्षा उलटा असतो. आपण गाव आणि मग पिनकोड लिहितो, ते आधी पाच आकडी क्रमांक लिहितात आणि मग गाव. त्यांच्या पत्त्यातला हा क्रमांक ३५ पासून सुरू होत असेल, कारण रेन ज्या विभागात आहे त्याचा तो आकडा आहे. शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. आणि क्रमांकात इंग्रजी सात आला तर त्याच्या मधोमध आडवी रेघ मार, नाहीतर तिकडच्या पोस्टमनला तो एक वाटेल.